दंड पिळदार, पण हृदयाचे काय?

आपल्या वस्त्यांमधल्या एखाद्या जिमच्या मागे, गटारीच्या कडेला, काचेची एक छोटी बाटली आणि दोन-तीन वापरलेल्या सिरिंज पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. बाटली १० मिलीची, वर रबरी बूच. लेबल शिल्लक असेल तर त्यावर ‘मेफेंटरमाइन सल्फेट’ असे नाव असते. मुले तिला नुसते ‘टर्मिन’ म्हणतात. वजन उचलायच्या आधी घेतले की अंगात हत्तीचे बळ येते, थकवा म्हणून लागत नाही, असे एकमेकांना सांगतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या पिशवीतही ही बाटली आम्हाला सापडली आहे.

आम्हा नर्सेसना ही बाटली चांगली ओळखीची आहे, कारण तिची जागा ऑपरेशन थिएटरमध्ये असते. सिझेरियनसाठी बाईला कमरेतून भूल दिली की कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब एकदम उतरतो. अशा वेळी भूलतज्ज्ञ डॉक्टर हे औषध शिरेतून देतात. एका वेळी किती? साधारण ६ मिलिग्रॅम. तेही बाईच्या छातीला तारा लावलेल्या असतात, रक्तदाबाचे यंत्र चालू असते, ऑक्सिजन हाताशी असतो आणि हृदय बिघडले तर झटका देऊन सुरू करणारे यंत्रही बाजूला तयार असते तेव्हा. आता जिमचा हिशेब पाहा. या बाटलीतल्या १ मिली औषधात ३० मिलिग्रॅम असते. म्हणजे मुलगा सिरिंजमध्ये फक्त १ मिली ओढतो, तेव्हा त्याने ऑपरेशन थिएटरच्या एका डोसच्या पाचपट औषध ओढलेले असते. ज्याचा रक्तदाब मुळीच उतरलेला नाही, अशा माणसाच्या अंगात ते जाते, आणि वरून तो छातीवर १०० किलोचा बार घेतो.

आज याच विषयावर बोलायचे आहे. हे एक इंजेक्शन हा गोष्टीचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग त्याच्या आधी दोन-तीन वर्षे शांतपणे चाललेला असतो, आणि तो स्टेरॉइडचा असतो. खरा धोका या दोन्हींची गाठ पडते तिथे आहे.

आधी डबे वेगळे करू

घरात मुलाच्या कपाटात डबे, गोळ्या, बाटल्या दिसल्या की आया सगळ्यालाच ‘पावडर’ म्हणतात. पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात.

पहिली म्हणजे प्रोटीन पावडर. ती दुधापासून किंवा सोयाबीनपासून काढलेली असते. ती औषध नाही, अन्न आहे. बनावट माल नसेल तर निरोगी माणसाच्या हृदयाला तिचा त्रास नाही. अंडी, चणे, डाळ, सुकट यांतूनही तेच मिळते आणि स्वस्तात मिळते.

दुसरी म्हणजे अॅनाबॉलिक स्टेरॉइड. मुले याला ‘टेस्टो’, ‘डेका’, ‘डायनाबोल’, ‘विन्स्ट्रॉल’ अशा नावांनी ओळखतात आणि आठ-दहा आठवडे घेण्याला ‘सायकल मारणे’ म्हणतात. पुरुषाच्या शरीरात जो टेस्टोस्टेरॉन हार्मोन आपोआप तयार होतो, त्याचीच ही कारखान्यात बनवलेली भावंडे. इथे एक गैरसमज दूर करू. दम्याच्या पंपात किंवा सांध्यांच्या आजारात डॉक्टर जे स्टेरॉइड देतात ते वेगळे. हा लेख वाचून कोणी आजीचा दम्याचा पंप बंद करू नका.

तिसरी म्हणजे उत्तेजक. ‘प्री-वर्कआउट’ नावाने मिळणारी रंगीत पावडर, चरबी जाळणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि वर सांगितलेले इंजेक्शन, हे सगळे याच घरातले. त्यांनी स्नायू वाढत नाहीत. ते फक्त शरीराला पळवतात.

स्टेरॉइड हळूहळू हृदयाची घडण बदलते. उत्तेजक त्या बदललेल्या हृदयाला चाबूक मारते. हे एवढे लक्षात ठेवले तर पुढचे सगळे समजायला सोपे जाईल.

हृदयाची भिंत जाड होते म्हणजे काय?

हृदय हाही एक स्नायूच आहे. त्याला चार कप्पे असतात. डावीकडचा खालचा कप्पा सर्वांत जोरदार, कारण सगळ्या अंगाला रक्त तोच ढकलतो. तरुण पुरुषात या कप्प्याची भिंत साधारण ६ ते १० मिलिमीटर जाड असते.

बाहेरून स्टेरॉइड घेतले की त्याला दंड कुठला आणि हृदय कुठले हे कळत नाही. हृदयाच्या स्नायूंच्या पेशीही ते वाढवते. शिवाय अंगात मीठ-पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि त्या चढलेल्या दाबाविरुद्ध ढकलता ढकलता भिंत आणखी जाड होते. मुलगा किती घेतो तेही पाहा. निरोगी पुरुषाचे शरीर दिवसाला ६ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवते, म्हणजे आठवड्याला पन्नासच्या आत. जिममधल्या नेहमीच्या सायकलमध्ये मुलगा आठवड्याला ५०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन घेतो. त्यातले खरे टेस्टोस्टेरॉन थोडे कमी भरले तरी शरीराच्या गरजेच्या सात-आठपट होते. त्यावर गोळ्या वेगळ्या.

मग कोणी म्हणेल, भिंत जाड झाली तर हृदय मजबूतच झाले ना? तसे होत नाही. आपली दहा बाय दहाची खोली घ्या. बाहेर गल्ली आहे, त्यामुळे भिंत आतल्याच बाजूने जाड करावी लागली तर खोली लहान होते. हृदयाच्या कप्प्याचेही तसेच होते. भिंत जाड आणि कडक होते, त्यामुळे दोन ठोक्यांच्या मध्ये कप्पा नीट सैल पडत नाही आणि त्यात पुरेसे रक्त भरत नाही. दुसरे असे की स्नायू वाढतो, पण त्याला रक्त पोहोचवणाऱ्या बारीक वाहिन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. रक्त कमी पडले की मधल्या काही पेशी मरतात आणि तिथे व्रण तयार होतो. हाताला भाजल्यावर राहतो तसाच हा व्रण. तो आकुंचन पावत नाही आणि पुन्हा स्नायू होत नाही.

बिना-औषधाचा व्यायाम करणाऱ्यांच्या हृदयाचीही भिंत थोडी जाड होते, हे खरे आहे. पण ती सहसा १२ मिलिमीटरच्या आत राहते, कप्पाही सोबत मोठा होतो, हृदय छान सैल पडते आणि तीन महिने व्यायाम थांबवला की भिंत पुन्हा उतरते. म्हणून कुस्ती, कबड्डी किंवा साध्या जिमला घाबरायचे कारण नाही.

स्टेरॉइडने हृदयाची ताकद किती घटते, हे अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. वजन उचलणाऱ्या १४० पुरुषांचे हृदय तपासले. त्यातले ८६ जण स्टेरॉइड घेणारे होते आणि ५४ जण कधीच न घेतलेले. हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आपल्यातले किती टक्के रक्त बाहेर फेकतो, हे त्यात मोजले. न घेणाऱ्यांचे सरासरी ६३ टक्के भरले, घेणाऱ्यांचे ५२ टक्के. दंड ज्याचे मोठे, त्याचेच हृदय दुबळे निघाले. डेन्मार्कमध्ये तर स्टेरॉइड घेताना पकडलेल्या १,१८९ जिमवाल्यांवर सरासरी ११ वर्षे लक्ष ठेवले. त्याच वयाच्या इतर पुरुषांपेक्षा त्यांच्यात हृदयाच्या स्नायूचा आजार जवळपास नऊपट, हार्ट अटॅक तिप्पट आणि ठोक्यांची गडबड दुपटीहून जास्त आढळली.

ठोके कसे चुकतात?

हृदयाच्या वरच्या भागात एक छोटी जागा आहे. तिथून दर ठोक्याला विजेची बारीक लहर निघते आणि ठरलेल्या वाटेने खाली पसरते. बसलेल्या माणसात हे मिनिटाला ६० ते १०० वेळा होते. लहर सगळीकडे नीट पसरली की सगळा स्नायू एका दमात आवळला जातो.

पण भिंतीत व्रण असले तर लहरीची वाट अडते. व्रणाला वळसा घालताना ती कधी कधी तिथेच गोल गोल फिरू लागते. मग खालचा कप्पा स्वतःच्या मनाने मिनिटाला १५०, २०० असा धावतो. इतक्या घाईत त्यात रक्त भरायलाच वेळ मिळत नाही. मेंदूला रक्त कमी पडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ही घाई आणखी बिघडली तर कप्पा धडधडायचे सोडून नुसता थरथरतो. थरथरणारे हृदय रक्त ढकलत नाही. मुलगा काही सेकंदांत कोसळतो.

व्रण असून बरेच दिवस काही होत नाही. त्याला एक धक्का लागतो, आणि तो धक्का उत्तेजक देते. मेफेंटरमाइन शरीरातला, आपण घाबरल्यावर किंवा पळताना सुटणारा रस एकदम बाहेर काढते. ठोके वाढतात, दाब चढतो आणि जाड भिंतीला जास्त रक्त हवे असते. पण हृदयाच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत, आणि ठोके वाढले की नेमकी तीच विश्रांती कमी होते. गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. व्रणाभोवतालच्या पेशी अशा वेळी बंड करतात.

प्री-वर्कआउट पावडरही निरुपद्रवी नाही. तिच्या एका चमच्यात बहुधा १५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असते. आपल्या एका कप चहात ते ३० ते ५० च्या आसपास असते. मुले दोन चमचे, कधी पाण्याशिवाय कोरडेच तोंडात टाकतात. म्हणजे बारा-पंधरा कप चहा एका घोटात. निरोगी मोठ्या माणसाने दिवसभरात मिळून ४०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असे मानले जाते. काही पावडरींमध्ये तर कॅफीनच्या जोडीला आणखी कडक उत्तेजक मिसळलेले निघतात. २०१२ साली लंडनच्या मॅरेथॉनमध्ये ३० वर्षांची एक धावपटू शेवटचा टप्पा उरला असताना कोसळली आणि गेली. तिच्या पाण्याच्या बाटलीत डीएमएए नावाचे उत्तेजक असलेली पावडर होती. त्याचा तिच्या मृत्यूत हात होता, असे चौकशीत नोंदवले गेले. ती स्टेरॉइड घेणारी नव्हती, दुकानात मिळणारी पावडर घेणारी होती. आपल्याकडे डब्यावर अन्नसुरक्षेचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो, तो बघावाच. पण परवाना कंपनीचा असतो. त्या डब्यात आत काय भरले आहे, याची खात्री तो देत नाही.

एका मुलाची हकीकत

हे सगळे एका शरीरात कसे जमून येते, ते एका मुलाच्या गोष्टीतून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा २४ वर्षांचा, पार्सल पोहोचवण्याचे काम करणारा. पाच वर्षे जिम. पहिली दोन वर्षे नुसता व्यायाम, नंतर ट्रेनरच्या सांगण्यावरून सायकल सुरू. आठवड्याला २५० मिलिग्रॅमची दोन इंजेक्शने आणि गोळ्या. दोन सायकलींमध्ये महिनाभराचीही विश्रांती नाही. शेवटच्या चार महिन्यांत प्री-वर्कआउट, आणि ज्या दिवशी पायांचा व्यायाम त्या दिवशी टर्मिन.

आधी डोके दुखू लागले, विशेषतः सकाळी. मग चौथ्या मजल्यावर पार्सल नेताना दम लागू लागला. जिममध्ये १४० किलो उचलणाऱ्याला जिन्यात दम लागतो, हीच पहिली घंटा होती. त्याने ती वजनाच्या नावावर घातली. रात्री आडवा झाला की छातीत मासा उसळावा तसे व्हायचे, मध्येच एक ठोका चुकायचा आणि पुढचा जोरात पडायचा. एक दिवस जिना चढताना तो खाली पडला. मिनिटाभरात शुद्धीवर आला. मित्रांनी ग्लुकोजचे पाणी दिले आणि ‘उपाशी होतास म्हणून’ म्हणाले.

आई त्याला दवाखान्यात घेऊन आली. रक्तदाब १६४/१०६, नाडी ११८. डॉक्टरांनी विचारले, काही घेतोस का? म्हणाला, प्रोटीन. आम्ही आईला म्हटले, ‘ताई, तुम्ही जरा बाहेर बाकावर बसा.’ मग त्याला म्हटले, ‘बाळा, आम्ही पोलीस नाही. आम्हाला फक्त बाटल्यांची नावे सांग, नाहीतर उपचार चुकतील.’ पाच मिनिटे गप्प बसला. मग मोबाइलमधले फोटोच दाखवले.

ईसीजीच्या पट्टीवर लाटा उंच होत्या, म्हणजे स्नायू वाढल्याची खूण, आणि मध्ये मध्ये अवेळी ठोके होते. टू-डी इको केला. भिंत १४ मिलिमीटर. दर ठोक्याला बाहेर जाणारे रक्त ४२ टक्के, जे ५५ च्या वर असायला हवे. हिमोग्लोबिन १८.६. स्टेरॉइडने रक्तातल्या लाल पेशी वाढून रक्त दाट होते आणि त्याच्या गाठी होण्याची भीती वाढते, ते हेच. चांगले कोलेस्टेरॉल पुरुषात ४० च्या वर असावे, त्याचे १४ होते. मग २४ तास छातीला लावून ठेवायचे छोटे यंत्र, होल्टर, बसवले. रात्री अडीच वाजता तो झोपेत असताना खालचा कप्पा आठ ठोके स्वतःच्या मनाने धावला होता. एमआरआयमध्ये भिंतीत व्रण दिसला.

सगळी औषधे बंद केली, जिमही बंद केली आणि रक्तदाबाच्या व हृदयाला आधार देणाऱ्या गोळ्या सुरू केल्या. सात महिन्यांनी भिंत १२ वर आली, ताकद ५४ टक्क्यांवर, रक्तदाब १२६/८२. व्रण मात्र तिथेच आहे. त्यामुळे गोळ्या चालू आहेत, दर सहा महिन्यांनी तपासणी आहे आणि जड वजन कायमचे बंद आहे. वर सांगितलेल्या अमेरिकन अभ्यासातही हेच दिसले होते. त्या वेळी स्टेरॉइड चालू असणाऱ्यांच्या हृदयाची ताकद सरासरी ४९ टक्के होती, आधी घेऊन पुढे थांबवलेल्यांची ५८. थांबल्याने पुष्कळ काही परत येते, सगळे नाही. म्हणून जितके लवकर थांबाल तितके जास्त परत मिळते.

ज्याची भिंत जन्मतःच जाड

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. दर पाचशे माणसांमागे साधारण एकाच्या हृदयाची भिंत अनुवांशिक दोषाने जाड होते. हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून येतो, बऱ्याचदा तरुणपणी वाढतो आणि माणसाला पत्ताही नसतो. अशी भिंत १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड निघते. या मुलाने एकही स्टेरॉइड घेतले नाही, तरी नुसते कडक उत्तेजक आणि जोराचा व्यायाम त्याला घातक ठरू शकतो.

म्हणून घरात एकदा बसून आठवा. काका, मामा, आत्या, मोठा भाऊ यांपैकी कोणी चाळिशीच्या आत अचानक गेले आहे का? पळताना, पोहताना, झोपेत? आपल्याकडे अशा मृत्यूंना ‘लागट झाले’, ‘फिट आली’ अशी नावे पडून जातात. असे कोणी असेल तर त्या घरातल्या मुलामुलींनी जिम किंवा भरतीची तयारी सुरू करण्याआधी ईसीजी आणि इको करून घ्यावा.

घरच्यांनी काय ओळखावे?

वजन काही आठवड्यांत सात-आठ किलोने वाढणे, पाठीवर आणि खांद्यांवर मोठे फोड, चेहरा सुजल्यासारखा, छाती बायकांसारखी वाढणे, चिडचिड, रात्री झोप नसणे, हात थरथरणे, मांडीवर किंवा दंडावर सुईच्या खुणा. यातले दोन-तीन एकत्र दिसले तर विचारा. ओरडू नका. ओरडलात तर बाटली घरातून मित्राकडे जाईल, अंगातून जाणार नाही.

त्याच आठवड्यात रक्तदाब मोजून घ्या. हे काम जवळच्या शासकीय दवाखान्यात फुकट होते आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत पहिली चूक बहुधा तिथेच दिसते. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे असेल तर ईसीजी आणि इकोसाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. आणि तीन लक्षणांसाठी आठवडाही थांबू नका: व्यायाम करताना किंवा जिना चढताना चक्कर येऊन पडणे, छातीत दाबल्यासारखे दुखणे, आणि बसल्या जागी न थांबणारी धडधड. ज्याने ती बाटली टोचून घेतली आहे त्याला यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय, आणि डॉक्टरांना औषधाचे खरे नाव.

एकच बाटली चौघांनी मिळून, एकाच सुईने वापरली असेल तर एचआयव्ही आणि कावीळ ‘बी’ व ‘सी’ यांची तपासणीही करा. शासकीय रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त होते.

थांबवताना

उत्तेजक आजच थांबवावे. बरेच दिवस रोज घेणाऱ्याला थांबवल्यावर खूप झोप, भूक आणि मरगळ येते, ती काही दिवसांत उतरते.

स्टेरॉइडचे जरा वेगळे आहे. बाहेरून इतका हार्मोन येत असल्याने शरीराने स्वतःचा कारखाना बंद केलेला असतो. थांबवल्यावर तो पुन्हा सुरू व्हायला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात. तोवर अंगातली ताकद जाते, दंड उतरतात, लैंगिक इच्छा राहत नाही आणि मन फार खचते. बहुतेक मुले इथेच हरतात आणि पुन्हा सुई उचलतात. काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. म्हणून थांबवताना डॉक्टर सोबत हवेत आणि घरच्यांनी या काळात त्याला एकटे सोडू नये. ‘काय रे, बारीक झालास’ असे गल्लीत कोणी म्हणणार असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा. मन फारच खाली गेले तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते. ट्रेनर जी ‘सायकलनंतरची गोळ्यांची किट’ विकतो, ती हृदयाला वाचवत नाही.

कोणी कोसळलाच तर

जिममध्ये मुलगा कोसळला, हाक मारून, खांदे हलवून उठत नाही आणि श्वास नाही, किंवा मध्ये मध्ये घोरल्यासारखा एखादाच श्वास आहे, तर हृदय बंद पडले असे धरा. तो घोरण्यासारखा आवाज म्हणजे श्वास नव्हे. पाणी पाजू नका, कांदा हुंगवू नका, रिक्षा शोधत बसू नका.

एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने त्याला सपाट जमिनीवर उताणे झोपवून छातीच्या मधोमध, दोन्ही स्तनाग्रांच्या मध्ये, तळहाताची टाच ठेवावी, दुसरा हात त्यावर ठेवावा आणि कोपर सरळ ठेवून छाती किमान ५ सेंटिमीटर खाली जाईल इतके जोराने दाबावे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोनदा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दमलात तर दोन मिनिटांनी दुसऱ्याने घ्यावे, पण मध्ये थांबू नये. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत हे चालूच ठेवायचे. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची आशा कमी होत जाते, आणि अॅम्ब्युलन्स आपल्या गल्लीत एका मिनिटात येत नाही. म्हणून ज्या जिममध्ये आपली मुले जातात तिथल्या किमान चार जणांना हे यायला हवे.

मेफेंटरमाइन आणि टेस्टोस्टेरॉन ही दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. आपल्या जिममध्ये किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात ती विकली जात असतील तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार करता येते. तक्रार एकट्याच्या नावाने न देता मंडळाच्या किंवा महिला संघाच्या नावाने द्या, बाटलीच्या लेबलचा आणि बॅच क्रमांकाचा फोटो जोडा आणि पोचपावती घ्या. सापडलेली सिरिंज मात्र उघड्या हाताने उचलू नका. चिमट्याने जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, झाकण घट्ट लावा आणि ती बाटली दवाखान्यात नेऊन द्या.